पाथ एमटीयू

दोन संगणकांमधल्या संपूर्ण मार्गावरून न तुटता जाऊ शकणाऱ्या सर्वांत मोठ्या आयपी पॅकेटचा आकार म्हणजे पाथ एमटीयू. मार्गातला प्रत्येक दुवा एका वेळी ठरावीक आकारापर्यंतचेच पॅकेट नेतो. त्या आकाराला एमटीयू म्हणतात, आणि सर्वांत अरुंद दुव्याचा एमटीयू हाच सगळ्या मार्गाचा ठरतो.

समजा, ऐरोलीतल्या डेटा सेंटरमधला सर्व्हर गिरगावातल्या एका घरी फाइल पाठवतो आहे. सर्व्हर इथरनेटवर असल्याने त्याचे पॅकेट १५०० बाइटचे. घरचे ब्रॉडबँड मात्र पीपीपीओई पद्धतीचे. तिची शीर्षके ८ बाइट खातात आणि उरतात १४९२. आयपीव्ही४ मध्ये वाटेतला राउटर अशा पॅकेटचे दोन तुकडे करू शकतो: एक १४९२ बाइटचा, दुसरा अवघा २८ बाइटचा, ज्यात २० बाइट शीर्षकच. केवळ ८ बाइटसाठी दुसरे पॅकेट निघते. त्याहून वाईट म्हणजे कोणताही एक तुकडा हरवला तर संपूर्ण पॅकेट वाया जाते. शिवाय पोर्ट क्रमांक फक्त पहिल्या तुकड्यात असल्याने काही फायरवॉल उरलेले तुकडे टाकून देतात.

हे टाळण्यासाठी १९९० मध्ये आरएफसी ११९१ ने शोधपद्धत घालून दिली. सर्व्हर पॅकेटवर ‘तुकडे करू नका’ ही खूण, म्हणजे डीएफ बिट, लावतो. अरुंद दुव्यापाशी राउटर ते पॅकेट टाकून देतो आणि आयसीएमपी या जाळ्यातल्या अडचणी कळवणाऱ्या पद्धतीच्या संदेशाने (प्रकार ३, कोड ४) कळवतो: पुढची मर्यादा १४९२. रेल्वेपुलाआधीच्या कमानीवर उंची लिहिलेली असते, तसेच हे. फक्त इथे गाडी अडल्यावर आकडा मालकाला कळतो. सर्व्हर तो आकडा त्या पत्त्यापुरता लक्षात ठेवतो आणि यापुढे आयपी व टीसीपीची ४० बाइट शीर्षके वजा करून १४५२ बाइटच माहिती भरतो. आयपीव्ही६ मध्ये तर राउटर तुकडे करतच नाहीत, म्हणून तिथे हा संदेश अधिकच मोलाचा.

सारे बिघडते ते कुणी सुरक्षेच्या नावाखाली सगळे आयसीएमपी अडवले की. मग सर्व्हरला काहीच कळत नाही आणि तो तेच १५०० बाइटचे पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवत राहतो. लक्षण ओळखीचे आहे: जोडणी होते, छोटी उत्तरे येतात, पण मोठे पान अर्ध्यात अडकते. याला ‘ब्लॅक होल’ म्हणतात. घरून बाहेर जाणारी बाजू लिनक्सवर अशी तपासता येते:

```
ping -4 -M do -s 1464 example.com
ping -4 -M do -s 1465 example.com
```

१४६४ मध्ये २८ बाइट शीर्षके मिळवली की १४९२ होतात. पहिल्याला उत्तर आले आणि दुसऱ्याला `Frag needed` आले, तर मर्यादा सापडली. दुसऱ्याला काहीच आले नाही, तर आयसीएमपी अडवले जात असल्याचा संशय घ्यावा. परतीचा मार्ग मात्र वेगळा असू शकतो, आणि वरच्या उदाहरणातली अडचण त्याच बाजूची आहे. म्हणून अनेक घरगुती राउटर जोडणी होतानाच टीसीपीच्या एमएसएस या, एका पॅकेटात जास्तीत जास्त किती माहिती भरावी हे सांगणाऱ्या आकड्यात १४६० ऐवजी १४५२ लिहितात. यूडीपीला मात्र त्याचा उपयोग नाही.