क्लोजिंग स्टॉक वेगळा, बँकेचा स्टॉक वेगळा

महिनाअखेरीला वह्यांत निघणारा क्लोजिंग स्टॉक आणि बँक ज्यावर पैसे उचलू देते तो स्टॉक एकच, असं समजणारे व्यापारी इंदूरच्या एम. टी. क्लॉथ मार्केटात कमी नाहीत. दोन्ही आकडे बँकेला द्यायच्या एकाच स्टॉक स्टेटमेंटवर असतात, म्हणून गल्लत होते.

समजा, साड्यांच्या एका पेढीची सीसी, म्हणजे कॅश क्रेडिटची, लिमिट २५ लाखांची आहे. दुकान आणि गोदाम मिळून माल ४० लाखांचा. हे ४० लाख खरेदीच्या किमतीने, माल आणण्याचं भाडं धरून, आणि ज्या जीएसटीचं क्रेडिट घेतलं तो वगळून. लेबलवरच्या विक्रीदराने तोच माल ५२ लाखांचा दिसेल, पण त्यात न कमावलेला नफा मिसळलेला आहे. उलट ज्या साड्या आता खरेदीच्या किमतीलाही खपत नाहीत, त्या बाजारात मिळेल त्या कमी किमतीनेच धरायच्या. इथपर्यंत झाला क्लोजिंग स्टॉक.

आता बँकेची कात्री. मंजुरीपत्रात १८० दिवसांची अट असेल, तर त्याहून जुना ६ लाखांचा माल गळतो, उरले ३४. सुरतेच्या व्यापाऱ्यांचे १० लाख द्यायचे आहेत, म्हणजे तेवढा माल अजून त्यांच्याच पैशाचा, उरले २४. इथे मालाचं देणंच वजा करायचं. दुकानाचं थकलेलं भाडं यात घालून मुनीमजी उगाच स्वतःचं नुकसान करतात. २४ लाखांवर २५ टक्के मार्जिन, म्हणजे पेढीने स्वतःचा घालायचा वाटा, गेलं की ड्रॉइंग पॉवर, म्हणजे उचलता येणारी रक्कम, १८ लाख. गिऱ्हाइकांकडच्या उधारीवर वेगळी पॉवर मिळत नसेल, तर लिमिट २५ असली तरी उचल १८ पर्यंतच. आधीच २२ उचलले असतील, तर खातं ४ लाखांनी अनियमित!

खरी मेख मालाच्या वयात आहे. वय मोजायचं ते खरेदीच्या तारखेपासून. गोदामातून दुकानात आला म्हणून माल नवा होत नाही. दिवाळीला गेलेल्या साड्या गिऱ्हाईक दुकानदाराने फाल्गुनात परत पाठवल्या, तर सॉफ्टवेअर त्यांना नवी आवक समजू शकतं आणि जुना माल ‘९० दिवसांच्या आत’च्या रकान्यात जाऊन बसतो. ओळखायचं कसं? ज्या डिझाइनची खरेदी कित्येक महिन्यांत झालेली नाही, तरी माल ताजा दिसतो, त्याचं खातं उघडून पाहा. स्टॉक ऑडिटर तेच करतो. गठ्ठ्याची बिल्टी, म्हणजे ट्रान्सपोर्टची पावती, आणि बिल मागतो.

क्लोजिंग स्टॉक वर्षअखेरीला ताळेबंदात गेला की सुटला. ड्रॉइंग पॉवरला ती सवलत नाही: तीन महिन्यांहून जुन्या स्टेटमेंटवर काढलेली उचल रिझर्व्ह बँकेच्या नियमांत अनियमित धरतात, आणि ती अवस्था सलग ९० दिवस राहिली तर खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्ज, होऊ शकतं, गोदाम मालाने भरलेलं असलं तरी.