नंबर वाढलाय की मोतीबिंदू सुरू झालाय?

चाळिशीनंतर जवळचं दिसेनासं होतं, साठीपर्यंत तो नंबर वाढतो आणि मग थांबतो. हे सगळ्यांना माहीत आहे. घोळ होतो तो साठीनंतर लांबचा नंबर पुन्हा हलायला लागला की.

माझ्या मावशीचा लांबचा नंबर अधिक एक होता. दोन वर्षांत तो शून्यावर आला, मग उणे एक, मग उणे अडीच. तीन चष्मे झाले. मध्येच ती चष्म्याशिवाय पेपर वाचायला लागली आणि घरात आनंदीआनंद: "डोळे सुधारले!" या वाक्याची मला चीड आहे. मोतीबिंदूत डोळ्यातल्या भिंगाचा गाभा घट्ट झाला की प्रकाश जास्त वाकतो आणि नंबर उण्याकडे सरकतो. उणे अडीचला 40 सेंटिमीटरवरचं आपोआप स्पष्ट दिसतं, म्हणजे नेमकं पेपरचं अंतर. मधुमेह असेल तर आधी साखर तपासा, तिच्या चढउतारानेही नंबर हलतो.

आता खरी गोम. नंबरच्या धूसरपणात प्रकाश चुकीच्या ठिकाणी एकवटतो, चष्मा तो जागेवर आणतो. मोतीबिंदूत भिंग गढूळ झाल्यामुळे प्रकाश डोळ्याच्या आतच विखुरतो, आणि विखुरलेला प्रकाश कुठलीही काच गोळा करू शकत नाही. सुरुवातीला दोन्ही एकदम चालतात. म्हणून पहिला चष्मा छान लागतो, दुसरा बरा, तिसऱ्याला "काच चुकली" म्हणून दुकानदाराशी भांडण. मावशीला पहिल्या चष्म्याने तक्त्यावरची 6/6 ची, म्हणजे निरोगी डोळ्याला दिसणारी ओळ वाचता आली, दुसऱ्याने 6/9, तिसऱ्याने फक्त 6/12. नंबर किती वाढला यापेक्षा नव्या नंबरने शेवटची कुठली ओळ वाचली, हे दर वेळी लिहून ठेवा.

घरी एक करून बघा. पुठ्ठ्याला सुईने बारीक भोक पाडा, चष्मा घालून एकेका डोळ्याने त्यातून भिंतीवरचं कॅलेंडर वाचा. स्पष्ट झालं तर नंबर बदलायला वाव आहे. नाही झालं तर अडचण बहुधा भिंगात किंवा पडद्यात आहे, आणि त्यासाठी बाहुली मोठी करूनच तपासायला हवं. हा निकाल नव्हे. काही मोतीबिंदूंतही भोकातून बरं दिसतं.

आणि ते अँटीग्लेअर कोटिंग! ते काचेवरची चमक कमी करतं, डोळ्यातल्या भिंगाची नाही. रात्री समोरच्या गाडीचा दिवा फुटून पसरतो, त्यावर त्याचा उपयोग जवळजवळ नाही. अंधाऱ्या खोलीत 6/9 वाचणारी मावशी उन्हात समोरून येणारा माणूस ओळखत नव्हती. खिडकीकडे तोंड करून तक्ता पुन्हा वाचून घ्या, असं तपासणाऱ्याला सांगायला लाजू नका. तिथे ओळी गळाल्या तर चौथा चष्मा घेऊ नका. "पिकू दे, मग बघू" हेही जुनं झालं: आता भिंग आतच फोडून ओढून काढतात, आणि पिकून कडक झालेलं फोडायला जास्त जड जातं.