नाव मूळ फाइलला द्यायचे की एक्सपोर्टला?

लाइटरूम क्लासिकमधून एक्सपोर्ट करताना फोटोंना क्रमांक कसा द्यायचा, हे सांगली-मिरजेच्या स्टुडिओत नव्याने लागलेल्या इंटर्नलाही ठाऊक असते, म्हणून त्यावर अधिक लिहीत नाही. घोळ होतो तो त्यालाच रिनेम समजण्यात. एक्सपोर्टमध्ये फक्त बाहेर पडणाऱ्या जेपीजीचे नाव बदलते आणि मूळ रॉ फाइल `DSC_4821.NEF` या नावानेच राहते.

एका लग्नाचे 612 निवडक फोटो 0001 पासून क्रमांक देऊन पाठवले, असे समजा. नवरीकडच्यांनी अल्बमसाठी कागदावर क्रमांक लिहिले आणि त्यांत अंतरपाट दूर होतानाचा 0214 आहे. दरम्यान पहिल्या शंभरातले तीन हललेले फोटो वगळून इंटर्नने सगळे पुन्हा एक्सपोर्ट केले, तर अंतरपाटाचा फोटो 0211 होतो आणि 0214 वर पूर्वीचा 0217, म्हणजे अक्षता टाकणारे मामा, येऊन बसतात. कागद तोच राहतो, अल्बम मात्र चुकतो. आणि मूळ फाइलवर क्रमांकच नसल्यामुळे चूक शोधायला एकेक फोटो डोळ्यांनी जुळवावा लागतो.

म्हणून माझा आग्रह असा की क्रमांक मूळ फाइलला द्यावा आणि एक्सपोर्टमध्ये नाव बदलूच नये. त्यासाठी आधी निवड पूर्ण करावी. दोन कॅमेरे असतील तर एकाच क्षणाचे दोन्हीकडचे फोटो शेजारी ठेवून घड्याळांतला फरक पाहावा आणि Edit Capture Time ने तो काढून टाकावा, नाहीतर सप्तपदीच्या मध्येच जेवणाच्या पंगती उमटतात. मग फोटो काढल्याच्या वेळेनुसार लावून, निवडलेले सर्व फोटो धरून, लाइटरूम क्लासिकमध्ये F2 दाबावे; क्रमांक पडद्यावरच्या क्रमानेच पडतात. तो चार अंकीच असावा, कारण शून्ये नसतील तर काही ठिकाणी 1 नंतर 10 येतो.

हे काम विंडोजच्या फोल्डरमध्ये जाऊन मात्र करू नये. तिथे नाव बदलले की लाइटरूमला फाइल सापडत नाही आणि थंबनेलवर उद्गारचिन्ह दिसते. एडिट कॅटलॉगमध्ये शाबूत असतो, पण प्रत्येक फाइल पुन्हा दाखवून द्यावी लागते. F2 ने केले तर सोबतची एक्सएमपी फाइलही नव्या नावाने येते.

व्हाइट बॅलन्स, उजेड, क्रॉप या हलक्या एडिटिंगचा नावाशी काही संबंध नाही; ते रिनेमच्या आधी करा की नंतर, फरक पडत नाही. `final_final2` असली नावे मात्र मला पाहवत नाहीत.

एकदा क्रमांक पडल्यावर फोटो वगळला तर जागा रिकामी राहू द्यावी, पुन्हा क्रमांक देऊ नयेत. मागाहून एखादा फोटो घालायचा झाला, तर तो `0214a` म्हणून घालावा.