फ्लॅट रेट आणि घटत्या शिलकीवरचं व्याज (धड्याची संहिता)

स्क्रीन १ : उद्दिष्टं
या धड्यानंतर तुम्हाला दोन गोष्टी जमतील. हप्ता पाहून व्याज कोणत्या पद्धतीनं लावलंय ते ओळखता येईल, आणि फ्लॅट दराच्या कर्जाची घटत्या शिलकीच्या कर्जाशी खरी तुलना करता येईल.

स्क्रीन २ : सोडवलेलं उदाहरण
(निवेदन) शोरूममध्ये दुचाकी घेताना विक्रेता सांगतो, "बाराच टक्के व्याज." बँकेतही बारा टक्केच सांगतात. कर्ज १ लाख रुपये, मुदत १२ महिने. मग फरक कुठे पडतो?

शोरूमचा दर फ्लॅट आहे. १ लाखावर वर्षाचं व्याज १२,००० रुपये. ते मुद्दलात मिळवून बारानं भागलं की हप्ता येतो ९,३३३ रुपये. बँकेचा हप्ता ८,८८५ रुपये, कारण तिथं व्याज फक्त उरलेल्या मुद्दलावर लागतं. पहिल्या महिन्यात १,००० रुपये व्याज जातं आणि ७,८८५ रुपये मुद्दल फिटतं. दुसऱ्या महिन्यात व्याज ९२१ रुपयांवर येतं, शेवटच्या महिन्यात जेमतेम ८८ रुपये. वर्षभराचं व्याज ६,६१९ रुपये.

आता फ्लॅटचा शेवटचा हप्ता नीट पाहा. मुद्दल उरलंय ८,३३३ रुपये, तरी व्याज पुन्हा १,००० रुपयेच! जे पैसे तुम्ही कधीच परत केलेत, त्यांच्यावरही व्याज चालूच राहतं. म्हणून हे बारा टक्के घटत्या शिलकीच्या हिशेबात साधारण साडेएकवीस टक्के होतात. मला यातला सगळ्यात गंभीर भाग हाच वाटतो: दोन्हीकडे सांगितलेला आकडा एकच असतो, त्यामुळे माणसाला शंकाच येत नाही.

ओळखायचं कसं? मुद्दल गुणिले दर गुणिले वर्षं, ही रक्कम मुद्दलात मिळवा आणि महिन्यांच्या संख्येनं भागा. हप्ता तेवढाच आला तर दर फ्लॅट आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नव्या किरकोळ कर्जांसाठी रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार मुख्य तथ्य विवरणपत्र द्यावं लागतं. त्यात एपीआर, म्हणजे शुल्कांसह कर्जाचा वार्षिक खर्च टक्क्यांत, दिलेला असतो. प्रक्रिया शुल्कही त्यातच धरलेलं असतं, म्हणून तुलना त्या आकड्याची करा.

स्क्रीन ३ : उजळणी
फ्लॅट : व्याज सुरुवातीच्या पूर्ण मुद्दलावर, शेवटपर्यंत.
घटती शिल्लक : व्याज उरलेल्या मुद्दलावर, दर महिन्याला कमी.

स्क्रीन ४ : प्रश्न
५०,००० रुपये, २४ महिने. 'अ' देतो १० टक्के फ्लॅटनं, 'ब' देतो १६ टक्के घटत्या शिलकीवर. स्वस्त कोण?

'अ' निवडल्यास दिसणारा मजकूर : 'अ'चा हप्ता २,५०० रुपये, 'ब'चा २,४४८. 'अ'कडे एकूण व्याज १०,००० रुपये जातं, 'ब'कडे सुमारे ८,७५६. दुसरी स्क्रीन पुन्हा पाहा आणि 'अ'च्या शेवटच्या हप्त्यात किती मुद्दल उरलेलं असतं ते काढा.