रोजंदारीवर असाल तर ओटी डबल कसा काढायचा आणि बाकी राहिला तर अर्ज कसा करायचा

वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा, नाहीतर जालन्याच्या स्टीलच्या मिला घ्या, ठेकेदाराकडं रोजावर असलेल्या पोरांचा ओटी हजेरीतच मोजायची पद्धत हाय. दहा तास थांबला तर सव्वा हजेरी, बारा तास थांबला तर दीड हजेरी. ऐकायला बरोबर वाटतंय, पण हा हिशोब सिंगल रेटचा हाय आणि कायद्यानं जादा तासाला डबल रेट द्यायचा असतो, म्हणजे दर महिन्याला बरीच रक्कम ठेकेदाराकडंच राहायली.

आधी रेट काढू. समजा तुमचा रोज ६०० रुपये ठरलाय आणि ड्युटी सकाळी ८ ते दुपारी ४:३०, मधी अर्धा तास जेवणाची सुट्टी. म्हणजे काम झालं ८ तासाचं. ६०० भागिले ८ केलं की तासाचे ७५ रुपये येतात आणि डबल म्हणजे १५०. रोजंदारीवाल्याला महिन्याचा पगार करून ३० नं भागायची काहीच गरज नाही, रोज ठरलेला हाय, सरळ त्या रोजाच्या तासानं भागायचं. काही ठेकेदार जेवणाची सुट्टी धरून साडेआठनं भागतात, काही नऊनं भागतात, तिथंच तासाचा रेट खाली येतो म्हणून भागाकार आधी बघा. दुसरं, तुमचा रोज त्या उद्योगाच्या किमान वेतन अधिक विशेष भत्त्यापेक्षा कमी असला तर ओटीसुद्धा त्या किमान आकड्यावरच काढायचा, ठरलेल्या कमी रोजावर नाही.

आता तास. कारखाने अधिनियम १९४८ च्या कलम ५९ नं दिवसाला ९ तासाच्या वर किंवा आठवड्याला ४८ तासाच्या वर जे काम झालं त्याला डबल होता. हे "किंवा" लई महत्त्वाचं हाय, दोन्ही हिशोब करून बघायचे आणि ज्यात जास्त तास निघतात तो धरायचा, दोन्हीची बेरीज मात्र करायची नाही कारण एकच तास दोनदा मोजला जातो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार लेबर कोड लागू झालेत, त्यातल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेनं कारखाने अधिनियमाची जागा घेतली, तिच्यात कलम २७ ला डबल रेट कायम हाय आणि दिवसाचा की आठवड्याचा, जो कामगाराच्या फायद्याचा तोच हिशोब धरायचा असं सरळ लिहिलंय.

समजा तुम्ही सोमवार ते शनिवार सहाही दिवस संध्याकाळी ६:३० पर्यंत थांबला. रोजचं काम १० तास, आठवड्याचं ६०. दिवसाच्या हिशोबानं ९ च्या वर रोज १ तास, म्हणजे ६ तास. आठवड्याच्या हिशोबानं ४८ च्या वर १२ तास. १२ जास्त हाय म्हणून १२ धरायचे. १२ गुणिले १५० म्हणजे १,८०० रुपये ओटी, आणि सहा हजेऱ्यांचे ३,६०० वेगळे, एकूण ५,४००. ठेकेदार सव्वा हजेरीनं रोजचे ७५० देतो म्हणजे ४,५००. एका आठवड्यात ९०० रुपये कमी.

आता दुसरा आठवडा घ्या, त्यात एक दिवस तुम्ही गावाकडं गेला म्हणून खाडा पडला, पण मंगळवारी माल अर्जंट होता म्हणून ११ तास काम केलं, बाकी चार दिवस आठ-आठ. एकूण ४३ तास. ठेकेदार म्हणतो ४८ झालेच नाहीत, कसला डबल. हे चुकीचं हाय, मंगळवारी ९ च्या वर २ तास गेले, त्याचे डबलचे ३०० रुपये मिळायलाच पाहिजेत, आणि आठ ते नऊ मधला जो एक तास हाय त्याचे निदान सिंगलनं ७५ तरी. उलटं पण लक्षात ठेवा, सुट्टी पगारी असली तरी तिचे तास कामाच्या तासात धरत नाहीत, ४८ मोजताना प्रत्यक्ष काम केलेलेच तास येतात.

रविवारच्या कामाचा घोळ लई होतो. कायद्यानं आठवडा शनिवारच्या मध्यरात्रीला सुरू होतो, म्हणजे रविवार ते शनिवार. रविवारी ८ तास केलं आणि पुढचे सहा दिवस पण आठ-आठ, तर ५६ तास झाले, ८ तास डबलनं म्हणजे १,२०० रुपये. त्यात रोजाचे ६०० धरूनच १,२०० हाय, वर आणखी ६०० मागू नका, तिथं आपलाच अर्ज कच्चा पडतो. आणि रविवारच्या बदली त्याच आठवड्यात सुट्टी दिली असेल तर तास ४८ च राहतात, मग ओटी निघत नाही.

कोणाला मिळतो? कारखान्यात काम करणाऱ्या हेल्पर, ऑपरेटर, फिटर, पॅकिंग, लोडिंगवाल्या सगळ्यांना, कंपनीच्या रोलवर असो की ठेकेदाराच्या. "तू ठेकेदाराचा हायस, कंपनीशी संबंध नाही" असं कोणी म्हणलं तर ऐकून घेऊ नका, ठेकेदारानं पैसे नाही दिले तर मूळ कंपनीवर द्यायची जबाबदारी येते. मॅनेजर किंवा खरंच देखरेखीच्या पोस्टवरच्या माणसाचं वेगळं हाय, पण नुसतं आयकार्डवर सुपरवायझर लिहिलं आणि दिवसभर मशीनवर उभं केलं तर काम काय करायलाय ते बघतात.

कागदं आजपासूनच जमवायला लागा. सगळ्यात मोठा पुरावा पंचिंगचा. बऱ्याच ठिकाणी ४:३० ला पंच आउट करून परत कामाला लावतात, म्हणून पंचिंगवर ओटी दिसतच नाही. तसं असेल तर एक वही ठेवा, तारीख, आत गेल्याची वेळ, बाहेर पडल्याची वेळ, कोणत्या मशीनवर होता आणि कोण सुपरवायझर होता, हे त्याच दिवशी लिहा. "आज आठपर्यंत थांबायचं" असे सुपरवायझरचे व्हॉट्सॲप मेसेज डिलीट करू नका. गेट पास, कंपनीच्या बसची वेळ, सोबतच्या पोरांची साक्ष, सगळं कामाला येतं. यासोबत नेमणूक पत्र किंवा आयकार्ड, पगाराची स्लिप, बँकेचं स्टेटमेंट, पीएफचं पासबुक आणि आधारची झेरॉक्स. स्लिपवर हजेऱ्या २६ च्या ऐवजी ३१ किंवा ३२ दिसल्या तर ती स्लिप जपून ठेवा, महिन्यात तेवढे कामाचे दिवसच नसतात, म्हणजे ओटी हजेरीत बसवून सिंगलनं दिलाय हे तिच्यावरूनच दिसतं.

अर्ज आधी ठेकेदाराला आणि कंपनीच्या एचआरला, दोघांना लेखी द्या. आठवड्यावार तक्ता करा: तारखा, रोजचे तास, एकूण तास, जादा तास, डबलनं रक्कम, मिळालेली रक्कम, बाकी. झेरॉक्सवर पोच घ्या, पोच देत नसतील तर स्पीड पोस्टानं पाठवा. तोंडी सांगितलेलं नंतर कुठंच दिसत नाही. त्यांनी दाद दिली नाही तर तोच तक्ता आणि पोच घेऊन जिल्ह्याच्या कामगार आयुक्त कार्यालयात वेतनाच्या दाव्याचा अर्ज करायचा. अर्जात ठेकेदार आणि कंपनी दोघांचीही नावं टाका, एकट्या ठेकेदाराचं टाकलं आणि तो काम सोडून गेला तर वसूल कोणाकडून करणार. तास मर्यादेबाहेर घेतात, ओटीचं रजिस्टरच ठेवत नाहीत, अशी तक्रार असेल तर ती औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडं वेगळी करावी लागते, तिथले निरीक्षक कारखान्याचं रेकॉर्ड तपासू शकतात.

मुदतीचं बघा, त्याच चार लेबर कोडांतल्या वेतन संहितेत दाव्याला तीन वर्षं हायत, पण आधीच्या वेतन प्रदान कायद्यात १२ महिनेच होते, म्हणून जुन्या महिन्यांची बाकी असेल तर अर्ज लगेच टाका. आणि पैसे दिले हे सिद्ध करायची जबाबदारी संहितेच्या कलम ५९ नं मालकावर हाय, तुम्हाला दाखवायचंय ते एवढंच की तेवढे तास तुम्ही तिथं होता.