सातबाऱ्यावरचा अनुस्वार कुठे जातो?

सातबाऱ्याचा फोटो गॅलरीत स्वच्छ दिसतो, पण व्हॉट्सअ‍ॅपवरून पोचल्यावर गट क्रमांकातला आकडा १ आहे की ९, तेच कळत नाही. दोष नेटवर्कचा नाही. फोटो पाठवणाऱ्याच्याच फोनमध्ये, अपलोड होण्याआधी बारीक केला जातो, म्हणून समोरच्याने काहीही केले तरी हरवलेला तपशील परत येत नाही.

नुकसान दोनदा होते. पहिले आकारात. १२ मेगापिक्सेलचा फोटो ४००० × ३००० पिक्सेलचा असतो. साध्या दर्जात त्याची लांब बाजू साधारण १६०० वर येते. म्हणजे १ कोटी २० लाख पिक्सेलपैकी १९ लाख २० हजार उरले. ए-फोर कागद पूर्ण चौकटीत घेतला असेल, तर त्याच्या २९७ मिलिमीटर लांबीत मूळ फोटोत दर मिलिमीटरला साडेतेरा पिक्सेल मिळत होते, आता जेमतेम साडेपाच. अर्ध्या मिलिमीटरचा अनुस्वार सात पिक्सेलवरून तीनवर येतो. नागरीत मात्रा, रफार, अनुस्वार अशा बारीक खुणांवरच अर्थ ठरतो, त्यामुळे फटका जास्त.

दुसरे नुकसान जेपीईजी कॉम्प्रेशनचे. चित्राचे ८ × ८ पिक्सेलचे चौकोन पाडून प्रत्येक चौकोन ठोकळ ते अतिबारीक अशा ६४ नक्ष्यांच्या मिश्रणात मांडला जातो. मग प्रत्येक नक्षीच्या किमतीला ठरलेल्या आकड्याने भागून उत्तर पूर्णांकात घेतात. ठोकळ नक्षीची किंमत ४०० आणि भाजक १६ असेल तर २५ उरतात. बारीक नक्षीची किंमत ३० आणि भाजक ८० असेल तर ०.३७५, म्हणजे शून्य; ती नक्षी कायमची गेली. आकाशाला याने फारसा फरक पडत नाही, पण अक्षराची धारदार कड याच बारीक नक्ष्यांवर उभी असते. त्या गेल्या की अक्षराभोवती करडी धूळ दिसू लागते.

कोणते नुकसान झाले ते ओळखता येते. पोचलेल्या फोटोच्या माहितीत पिक्सेल पाहा. लांब बाजू १६००च्या आसपास असेल तर आकार कापला गेला आहे. आकार मूळचाच आहे, तरी झूम केल्यावर चौकोन आणि धूळ दिसते, तर कॉम्प्रेशन जास्त झाले आहे. स्क्रीनशॉट काढून पुन्हा पाठवलेल्या फोटोत दोन्ही सापडतात.

Settings > Storage and data > Media upload quality इथे HD quality निवडले की बराच फरक पडतो. मात्र एचडीतही कॉम्प्रेशन असतेच. कागदपत्रासाठी जोडणीच्या खुणेतून Document निवडून फाइल पाठवावी, ती जशीच्या तशी जाते. फक्त एवढे की कॅमेऱ्याचे लोकेशन चालू असेल, तर फोटो कुठे काढला तेही त्या फाइलसोबत जाते.