पोराच्या गोटीत अचानक कळ आली तर आमच्याकडे गोळी मागू नका

सकाळी मेडिकलचं शटर वर करतानाच कधी एखादी आई सांगते, "पोराच्या पोटात रात्रीपासून दुखायलंय, उलटीबी झाली, कायतरी द्या." पोरगा तेरा-चौदा वर्षांचा असला की आम्ही विचारतो, "खाली गोटीत दुखतंय का, हे त्याला विचारलं का?" काही जण या प्रश्नावर अवघडतात. तो का विचारतो, हे या पत्रकात सांगितलं आहे.

वृषण, म्हणजे आपण बोलताना म्हणतो ती गोटी, दोरीसारख्या एका जाड शिरेला लटकलेली असते. तिला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या याच दोरीतून जातात. काही मुलांची गोटी जन्मापासून पिशवीत नीट धरलेली नसते आणि ती स्वतःभोवती गरकन फिरू शकते. मग दोरीला पीळ बसतो आणि ठिबकची नळी पिळल्यावर पाणी थांबावं तसं रक्त थांबतं. डॉक्टर याला टॉर्शन म्हणतात. 12 ते 18 या वयात हे सगळ्यात जास्त दिसतं, आणि पुष्कळदा ते गाढ झोपेत होतं. कधी खेळताना लागल्याचं निमित्त होतं आणि घरचे "मार लागलाय, थांबेल" म्हणून बसून राहतात. माराचं दुखणं तासाभरात उतरायला लागतं. तसं उतरलं नाही, तर त्याला मार समजू नका.

पीळ 6 तासांच्या आत सुटला तर साधारण दहापैकी नऊ मुलांची गोटी वाचते. 12 तास झाले की ही शक्यता निम्म्यावर येते आणि 24 तासांनंतर फारच थोडी उरते. हे तास दवाखान्यात पोचल्यापासून मोजायचे नाहीत, पहिली कळ आली तेव्हापासून मोजायचे.

समजा, पोराला रात्री 2 वाजता कळ येऊन जाग आली. लाजेनं तो आईला "पोटात दुखायलंय" एवढंच म्हणाला. ते खोटंही नसतं, कारण ही कळ ओटीपोटात जाते आणि मळमळही होते. आईनं ओवा दिला, शेक दिला, कुणी म्हणालं नाभी सरकली असेल म्हणून पोट चोळलं. साडेसहाला ती आमच्याकडे आली तेव्हा साडेचार तास गेलेले होते. आम्ही दुखण्याची गोळी दिली तर थोडा उतार वाटेल, पण पीळ गोळीनं सुटत नाही. नंतर प्राथमिक आरोग्य केंद्र, तिथून चिठ्ठी, मग दहाला सोनोग्राफी सेंटर उघडण्याची वाट. तिथंच 8 तास होतात. त्याऐवजी साडेसहाला आमच्या दारातूनच गाडी निघाली आणि मोठं हॉस्पिटल तासाभराच्या रस्त्यावर असलं, तर साडेपाच तासांत तो सर्जनसमोर असतो.

म्हणून निघतानाच फोन करून विचारा, "सर्जन आणि भूलतज्ज्ञ आत्ता हजर आहेत का?" नसतील तर तिथं थांबू नका. आपल्या भागात अंबाजोगाई, लातूर आणि नांदेडची सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, संभाजीनगरला घाटी आहे. 108 आणि घरची गाडी यांत जी आधी मिळेल ती घ्या. पोराला चहा-नाश्ता देऊ नका, ऑपरेशनच्या भुलेसाठी पोट रिकामं लागतं. शेवटचं कधी खाल्लं आणि कळ किती वाजता आली, हे कागदावर लिहून न्या.

तिथं डॉक्टर गोटी वर ओढली गेली आहे का, आडवी झाली आहे का, हे बघतात. मांडीच्या आतल्या बाजूला हलकं बोट फिरवलं की निरोगी गोटी वर सरकते. पीळ बसल्यावर ती बहुधा सरकत नाही. जागेवरच लगेच होत असेल तर डॉपलर सोनोग्राफी करतात, पण संशय पक्का असला तर तिच्यासाठी वेळ न घालवता थेट ऑपरेशनला घेतात. त्यांनी असं केलं तर "आधी फोटो काढा" म्हणून अडून बसू नका. ताप, लघवीला जळजळ आणि एक-दोन दिवसांत हळूहळू वाढलेली सूज असेल तर तो संसर्गही असू शकतो. पण या वयात ते सर्जननंच ठरवावं, आम्ही नाही.

ऑपरेशनमध्ये पीळ सोडवून गोटीचा रंग परत येतो का ते बघतात. आला तर टाके घालून ती जागेवर बसवतात आणि दुसरी बाजूही टाक्यांनी पक्की करतात, कारण ढिलेपणा बहुतेक दोन्हीकडे असतो. गोटी मेलेली असेल तर काढावी लागते. दुसरी चांगली असली तर पुढं लग्न, मूलबाळ यात सहसा अडचण येत नाही.

एक गोष्ट फसवी आहे. पाच-सहा तासांनी दुखणं आपोआप कमी झालं तर लोक सुटकेचा श्वास टाकतात. कधी पीळ खरंच सुटलेला असतो, पण कधी गोटीची जाणीवच गेलेली असते, आणि बाहेरून हे ओळखता येत नाही. म्हणून तेव्हाही त्याच दिवशी सर्जनला दाखवा. अधूनमधून अशी कळ येऊन दहा-पंधरा मिनिटांत थांबते, असं एखादा पोरगा सांगत असेल, तर त्यालाही ओपीडीत न्या. अशा मुलाच्या गोट्या पीळ बसायच्या आधीच टाके घालून पक्क्या करता येतात.